चॅट बॉक्समधला पहिला निरोप

प्रश्न: माझ्या साड्यांच्या वेबसाइटवर कोणी थोडा वेळ थांबलं की चॅट बॉक्स उघडतो. त्यात काय लिहू, म्हणजे आगाऊपणा वाटणार नाही?

उत्तर: ‘काही मदत हवी का?’ असं विचारलं की तोंडात ‘नको’ हेच येतं. ‘तुम्ही बराच वेळ ही साडी पाहताय’ हे तर अजिबात लिहू नका, पाळत ठेवल्यासारखं वाटतं. त्या पानावर गिऱ्हाईक कशापाशी अडतं ते ओळखा आणि तेवढंच बोला. पैठणीच्या पानावर शंका बहुधा रंगाची असते, म्हणून मी असं लिहीन:

‘नमस्कार. या साडीचा दिवसाच्या उजेडातला फोटो किंवा पदराचा व्हिडिओ हवा असेल तर इथे सांगा. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ दुकानातून आम्हीच उत्तर देतो.’

यात प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर द्यायचं ओझंही नाही. दुकान बंद असताना ‘सकाळी ११ नंतर पाठवू’ असा वेगळा मजकूर ठेवा. फोन नंबर पहिल्याच निरोपात मागू नका.

मोबाइलवर अख्खी खिडकी उघडली तर किंमत आणि खरेदीचं बटण झाकलं जातं. तिथे ‘उजेडातला फोटो हवा असेल तर सांगा’ एवढाच छोटा फुगा दाखवा, आवाज बंद ठेवा. एकदा बंद केला की त्या भेटीत तो पुन्हा उघडता कामा नये.