उधारीची मुदत ३० वरून ६० दिवस: पत्र लाचार न वाटता कसं लिहावं?

*"लातूरला आमचं पेरणीयंत्रं बनवायचं वर्कशॉप आहे. जालन्याच्या व्यापाऱ्याकडून पत्रा, अँगल ३० दिवसांच्या उधारीवर घेतो. ६० दिवस मागायचे आहेत. पत्र लिहिलं, पण रडगाणं वाटतंय. कसं सुधारू?"*

रडगाणं वाटतं ते पत्रात आकडा नसल्यामुळे. मी एकदा लिहिलं होतं, "सध्या ओढाताण आहे, सांभाळून घ्या." पुढच्याच गाडीला त्या व्यापाऱ्याने रोख मागितली. त्याचं चुकलं नाही. त्याचे पैसे बुडायची भीती मीच त्याला दाखवली होती.

आधी त्याच्या बाजूने हिशोब करा. महिन्याला ४ लाखांची खरेदी धरू. आज त्याचे साधारण ४ लाख तुमच्याकडे अडकतात, ६० दिवसांनी ८ लाख अडकतील. वाढीव ४ लाखांवर त्याला बँकेचं वर्षाला १२ टक्के व्याज पडत असेल, तर महिन्याला ४,००० रुपये झाले. म्हणजे महिन्याच्या बिलाच्या बरोबर १ टक्का. हा भार कोण उचलणार, ते पत्रातच सांगा. मग मागणी व्यवहाराची वाटते.

मी असं लिहीन:

"शेठजी, नमस्कार. तीन वर्षांपासून आपला माल घेतो, आजवरची सगळी बिलं चुकती आहेत. आमचे डीलर ५० ते ५५ दिवसांनी पैसे देतात, म्हणून १ तारखेपासूनच्या नव्या बिलांना बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांची मुदत मिळावी. आपलं येणं ८ लाखांवर जाऊ देणार नाही. वाढीव मुदतीसाठी बिलावर १ टक्का धरावा. सहा महिन्यांनी बसून पुढचं ठरवू."

तीन वर्षं, डीलरचे दिवस, ८ लाख हे तुमच्या खातेवहीप्रमाणे बदला. खोटं एकही नको, त्याच्याकडेही वही आहे. "नव्या बिलांना" हे शब्द मात्र ठेवाच. नाहीतर त्याला वाटेल, जुनी बिलंही लांबणार.

एक गोष्ट पत्राआधी तपासा. तो निव्वळ व्यापारी आहे, की स्वतः माल बनवणारा, उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग? दुसरं असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार करूनही ४५ दिवसांपुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय मुदत उलटून गेल्यावर दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी मिळते. निव्वळ व्यापाऱ्याला हे लागू नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला तर सीएंना विचारा, आणि तो उत्पादक निघाला तर ४५ दिवसच मागा. तेव्हा वाढीव १५ दिवसांचा भार अर्धा टक्काच होतो.

एखादं बिल थकलेलं असेल तर आधी ते भरा, आणि पैसे त्याच्या खात्यात दिसल्यावरच पत्र पाठवा.