जास्तीचा पगार परत मागतात तेव्हा

‘ऑफिसने चुकून कितीतरी महिने जास्त पगार दिला. आता सगळे पैसे पुढच्या पगारातून एकदम कापणार म्हणतात. माझे तर खर्चही झाले. हरकत घेतली तर मीच लबाड ठरेन का?’

हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण मान खाली घालून बसतात. अशीच एक बाई आली होती. बदलीनंतर जुन्या पदाचा भत्ता बंद व्हायला हवा होता, तो चालूच राहिला. ऑफिसने ४२,००० मागितले आणि संमतिपत्र पुढे केलं.

“सही करून मोकळी होते, मॅडम. शोभत नाही भांडणं.”

“आकडा कुठून आला, पाहिलंत?”

तिने पाहिला नव्हता. अपराधी वाटलं की माणूस हिशेब मागत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणून मी आधी भावनेशी नाही, कागदाशी बसवते. पगारपत्रकं आणि बदलीचा आदेश टेबलावर मांडला. ऑफिसने ३,००० प्रमाणे १४ महिने धरले होते. आदेश लागू झाल्याची तारीख पाहता महिने १२च होत होते. शिवाय दरमहा ३०० कर कापला जाऊन हातात २,७००च पडले होते. म्हणजे तिला प्रत्यक्ष मिळाले ३२,४००.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी चोरी केली नाही. त्यांचाही हिशेब चुकलाय.” त्या क्षणी तिचा आवाज बदलला. माझ्या लेखी खरं समुपदेशन तिथेच झालं. पुढचं पत्र तिचं तिनेच लिहिलं.

पत्रात तिने जास्त रक्कम आल्याचं मान्य केलं, पण ४२,००० ला हरकत घेऊन महिनावार तक्ता मागितला. कापलेल्या कराचं काय करणार, हेही विचारलं. मागच्या करवर्षातली रक्कम असेल तर नियम बदलू शकतात, म्हणून त्याचं उत्तर लेखीच घ्यावं. हिशेब ठरेपर्यंत कपात करू नये, अशी विनंती केली.

हप्ता ठरवताना एक गोष्ट हमखास सुटते. भत्ता बंद झाल्याने पगार आधीच घटलेला असतो, त्यावर हप्त्याची कात्री लागते. तिचे हाती येणारे ४०,००० आता ३७,३०० झाले होते. भाडं, कर्ज, शाळा, घरखर्च मिळून ३४,८०० जात. उरलेल्या २,५०० पैकी ७०० अडीअडचणीला ठेवून तिने १,८०० चे १८ हप्ते सुचवले आणि खर्चाचा तक्ता जोडला. व्याज नको, हेही लिहिलं.

ऑफिसने १२ हप्ते म्हटलं. तिने तोच तक्ता पुन्हा पुढे ठेवला: २,७०० उरतच नाहीत. १८ मान्य झाले. नोकरी सोडल्यास बाकी रक्कम अखेरच्या हिशेबातून एकदम वळती करण्याचं कलम मात्र त्यांनी घातलं. त्याबद्दल बोलून घेतल्यावरच तिने सही केली.

किती कपात चालते, संमती लागते का, हे तिथल्या कायद्यावर आणि करारावर ठरतं. सहीपूर्वी कामगार संघटना किंवा वकिलाला विचारा.