बेटिंगचं पत्रक: एका ओळीत एक स्टेक आणि एकच निकाल

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये राहतो, फुटबॉल आणि घोड्यांच्या शर्यतींवर छोट्या रकमा लावतो. गूगल शीटमध्ये स्टेक, ऑड्स, निकाल लिहितो. पण यील्ड आणि आरओआय नेमके कसे काढायचे, आणि नफा खरा की नशिबाचा हे त्यातून कसं कळणार?

यील्ड म्हणजे निव्वळ नफा भागिले निकाल लागलेल्या बेटांवर लावलेली एकूण रक्कम. आरओआय म्हणजे तोच नफा भागिले तुम्ही खिशातून बाजूला काढलेलं भांडवल. समजा ४०० पौंडांचं भांडवल आहे, १० पौंडांची एक अशी २०० बेटं झाली आणि शेवटी १६० पौंड नफा उरला. लावलेली रक्कम २,००० पौंड, म्हणून यील्ड ८ टक्के. भांडवल ४००, म्हणून आरओआय ४० टक्के. तेच पैसे फिरून फिरून लागतात, त्यामुळे दुसरा आकडा फुगतो. बरेच लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, म्हणून कुणी आकडा सांगितला की कशाने भागला ते आधी विचारा. आपली निवड किती चांगली आहे हे पाहायला मी यील्डच वापरतो. आरओआय भांडवल पुरेसं आहे का, एवढंच ठरवायला कामाचा.

आता पत्रक. कॉलम असे ठेवा: A तारीख, B कशावर, C स्टेक, D डेसिमल भाव, म्हणजे एका पौंडामागे स्टेकसकट किती परत ते, E कपात, F निकाल, G परत आलेली रक्कम, H नफा, I बंद होतानाचा भाव. हाताने भरायचे ते A ते F आणि I. G आणि H सूत्रांवर सोडा, तिथे हाताने आकडा टाकायचाच नाही. निकालाला चारच अक्षरं: W, L, V (बेट रद्द) आणि P (निकाल बाकी). ड्रॉपडाउन लावून टाका, म्हणजे भलतंच अक्षर पडणार नाही.

```
G2: =IFS(F2="W",C2*(1+(D2-1)*(1-E2)),F2="L",0,F2="V",C2,TRUE,"")
H2: =IF(G2="","",G2-C2)
```

यील्ड वेगळ्या कॉलमात, समजा K1 मध्ये:

```
=SUM(H2:H)/(SUMIFS(C2:C,F2:F,"W")+SUMIFS(C2:C,F2:F,"L"))
```

रद्द झालेली बेटं भागाकारात धरलेली नाहीत, कारण त्या पैशाला धोकाच नव्हता. ती धरली तर यील्ड उगाच शून्याकडे सरकतं.

E कॉलम लोक ठेवत नाहीत, आणि शर्यतींचे हिशेब तिथेच चुकतात. तुम्ही ५/१ ला १० पौंड लावले आणि नंतर २/१ भावाचा घोडा शर्यतीतून काढला, तर रूल ४ प्रमाणे बुकमेकर जिंकलेल्या रकमेतून पौंडामागे ३० पेन्स कापतो. ५० ऐवजी ३५ पौंड मिळतात. D मध्ये 6 तसाच ठेवा आणि E मध्ये 0.3 लिहा, सूत्र स्टेकसकट ४५ पौंड परत दाखवेल. एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे बुकमेकरऐवजी दुसरे खेळणारेच तुमच्या विरुद्ध पैसे लावतात तिथे, खेळत असाल तर तिथलं कमिशनही याच कॉलमात बसतं, कारण तेही फक्त नफ्यावर लागतं. एका मार्केटमध्ये एकापेक्षा जास्त बेटं असतील तर मात्र नाही, कारण कमिशन त्या मार्केटच्या एकत्रित नफ्यावर काढतात.

बाकीच्या भानगडी मिटवायला एकच नियम पुरतो: एका ओळीत एक स्टेक आणि एकच निकाल. ५ पौंड ईच-वे म्हणजे ५ पौंड घोडा जिंकण्यावर आणि ५ पौंड प्लेसवर, म्हणजे तो पहिल्या काही जागांत येण्यावर. ही १० पौंडांची दोन बेटं, म्हणून दोन ओळी. नऊ घोड्यांच्या शर्यतीत १२/१ चा घोडा घेतला, प्लेससाठी एक पंचमांश भाव आणि तीन जागा अशी अट आहे, आणि घोडा तिसरा आला. पहिली ओळ: स्टेक ५, भाव १३, निकाल L. दुसरी ओळ: स्टेक ५, भाव ३.४ (१२ चा पाचवा भाग २.४, अधिक १), निकाल W, परत १७. एकूण नफा ७ पौंड. एकाच ओळीत ५ पौंड स्टेक लिहिणाऱ्याला इथे १२ पौंड नफा दिसतो, आणि असे घोडे साठत गेले की यील्ड छान दिसू लागतं. दोन घोडे बरोबरीत पहिले आले तर अर्धा स्टेक W, अर्धा L. फुटबॉलच्या पाव गोलाच्या एशियन हँडिकॅपमध्ये अर्धं बेट जिंकलं आणि अर्धं परत आलं, तर अर्धा स्टेक W, अर्धा V. नवी सूत्रं लागत नाहीत. फ्री बेटं मात्र दुसऱ्या शीटवर ठेवा. तिथे स्टेक तुमचा नसतो आणि बहुधा परतही मिळत नाही, त्यामुळे तो नफा तुमच्या निवडीच्या हिशेबात यायला नको. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशावर खेळणाऱ्याला कर नाही, म्हणून कराचा कॉलम लागत नाही.

भाव भरताना एक सापळा आहे. D मध्ये नुसतं ५/२ टाइप केलंत की शीट त्याची ५ फेब्रुवारी करते. तारीख आतून पंचेचाळीस हजारांच्या पुढचा आकडा असते, त्यामुळे १० पौंडांच्या बेटावर साडेचार लाख परत आलेले दिसतात. बेट हरलं असेल तर G मध्ये शून्यच येतं आणि चूक लपून राहते. म्हणून थेट =5/2+1 असं लिहा, आणि D मध्ये १००० च्या वरचा आकडा लाल होईल असं फॉरमॅटिंग लावा.

महिन्याला एकदा ताळा करा. भरलेले पैसे, वजा काढलेले, अधिक H ची बेरीज, वजा P असलेले स्टेक: हे खात्यातल्या शिलकेशी पेनीपर्यंत जुळलं पाहिजे (फ्री बेटांचा नफा त्याच खात्यात असेल तर तोही मिळवा). जुळलं नाही तर बहुतेक वेळा एखादं हरलेलं बेट लिहायचं राहिलेलं असतं. म्हणून बेट लावताक्षणी P टाकून ओळ भरा, निकालाची वाट पाहू नका.

आता नशिबाचा प्रश्न. सारखे स्टेक आणि साधारण सारखे भाव असतील तर यील्डमध्ये नुसत्या योगायोगाने किती चढउतार होतो, ते असं काढता येतं:

```
=SQRT((3-1)/200)
```

इथे 3 हा सरासरी भाव आणि 200 ही बेटांची संख्या. उत्तर 0.1, म्हणजे १० टक्के. भाव अगदी रास्त असता आणि तुम्हाला काहीच कळत नसतं, तरी २०० बेटांनंतर पाचांतल्या एकाचं यील्ड ८ टक्के किंवा जास्त आलं असतं. तेव्हा वरच्या उदाहरणातल्या ८ टक्क्यांवरून काहीही ठरत नाही. हा चढउतार २ टक्क्यांवर आणायला याच भावाची ५,००० बेटं लागतात. १३ च्या आसपासच्या भावांचे घोडे घेत असाल तर २०० बेटांना तो २४ टक्क्यांच्या पुढे जातो.

इतकी वाट पाहायची नसेल तर I कॉलम कामाला येतो. शर्यत सुटताना किंवा सामना सुरू होताना जो भाव होता तो तिथे लिहा आणि D2/I2-1 ची सरासरी पाहा. तुम्ही ३.२५ ला घेतलं आणि २.९० ला बंद झालं, तर तुम्ही बाजारापेक्षा १२ टक्के चांगला भाव मिळवलात, मग घोडा हरो की जिंको. हा आकडा यील्डपेक्षा खूपच कमी हलतो, त्यामुळे काही शे बेटांतही दिशा दिसते. बुकमेकरच्या बंद भावात त्याचं मार्जिन असतं, म्हणून शर्यतींसाठी मी बेटफेअर एसपी, म्हणजे शर्यत सुटताना बेटफेअर एक्स्चेंजवर ठरणारा भाव, लिहितो. एक्स्चेंजवर घेतलेल्या बेटांची तुलनाही त्याच्याशी थेट होते. यील्ड वर आणि ही सरासरी शून्याखाली असेल तर मी सरासरीवर विश्वास ठेवतो आणि स्टेक वाढवत नाही. खालच्या विभागांतल्या फुटबॉल सामन्यांत मात्र पैसाच थोडा फिरतो, तिथला बंद भाव फारसा नेमका नसतो. त्या बेटांची सरासरी वेगळी काढा.