क्रिएटिन, व्हे आणि डीची पुडी: भरतीच्या पोराला यातलं काय लागतं?

प्रश्न: वय २२, वजन ६० किलो, शाकाहारी आहे. पोलिस भरतीची तयारी चालू आहे. जिमवाला म्हणतो क्रिएटिन, व्हे अन् व्हिटॅमिन डी तिन्ही चालू कर. महिन्याला हजाराच्या वर जमत नाही. यातलं खरंच काय लागते?

उत्तर:

भाऊ, तिन्ही लागत नाहीत. क्रिएटिन घेतलंत तर पैसे वाया जाणार नाहीत, प्रोटीन किराणा दुकानातून आणा आणि डी कारणाशिवाय घेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. भरतीची पोट्टी काउंटरवर येऊन रोज हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्यायामासाठी जेवढ्या पावडरी विकल्या जातात, त्यात सगळ्यात पक्का पुरावा साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा आहे. थोडं क्रिएटिन शरीर स्वतः बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळातच कमी असतो, म्हणून तुम्हाला फरक जास्त जाणवू शकतो. पूर्ण जोर लावला की पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायूची जी ऊर्जा संपते, ती लगेच भरून द्यायचं काम हा साठा करतो. जिथे आठव्या बैठकीला पाय थरथरायचे तिथे नववी, दहावी निघते. ताकद वाढते ती या जास्तीच्या मेहनतीमुळे. मेहनत नसेल तर नुसत्या पावडरीने फारसं काही होत नाही.

आता तुमचं मैदान बघू. ५० गुणांपैकी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा आणि १०० मीटर या दोन्हींच्या तयारीला क्रिएटिनचा उपयोग आहे. १६०० मीटर मात्र दमाचा खेळ आहे, तिथे जवळपास काही मिळत नाही. उलट स्नायूंत पाणी धरलं जाऊन वजन एक-दोन किलो वाढतं, आणि ते चारही फेऱ्या तुम्हालाच वाहायचं असतं. म्हणून मैदान चार-सहा महिने लांब असेल तेव्हाच सुरू करा आणि १६०० ची वेळ दर आठवड्याला लिहून ठेवा. वजन वाढल्यावर वेळ बिघडली आणि महिनाभरात सुधारली नाही, तर मैदानाच्या साधारण सहा आठवडे आधी बंद करा. तोवर साठा मूळ पातळीला येतो, कमावलेली ताकद मात्र सराव चालू असेल तर टिकते.

रोज ३ ग्रॅम, कोणत्याही वेळेला, पाण्यात किंवा ताकात. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घ्यायची पद्धत आहे. तिने साठा लवकर भरतो, पण पोट बिघडतं. रोजच्या ३ ग्रॅमनेही महिनाभरात तेवढाच भरतो. २५० ग्रॅमचा डबा असा ८३ दिवस पुरतो. डब्यावर मोनोहायड्रेट सोडून दुसरं काही लिहिलेलं नको. महागडे प्रकार याच्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

किडनीचं सगळे विचारतात. निरोगी माणसाची किडनी या मात्रेने खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गडबड तपासणीत होते. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन बनतं, आणि लॅबवाले किडनीचं काम त्याच क्रिएटिनिनवरून मोजतात. आकडा थोडा वर गेला की घरचे घाबरतात. डॉक्टरांना पावडर घेतो हे सांगा; शंका राहिलीच तर सिस्टाटिन सी ही वेगळी तपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. माझा सल्ला, डबा फोडायच्या आधीच एकदा क्रिएटिनिन करून कागद जपून ठेवा. खारपाणपट्ट्यातले असाल, घरात कुणाला किडनीचा आजार असेल, किंवा तुम्हाला शुगर-बीपी असेल तर हे टाळूच नका. सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊ नका, त्या आजारात किडनीला आधीच इजा होत असते.

व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, चीज बनवताना उरलेलं. ते चांगलं असतं, पचतं, पण औषध नाही. वजन उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीनचा फायदा होतो, त्यापुढे सहसा नाही. तुमच्यासाठी ते सुमारे ९५ ग्रॅम झालं. आपल्याकडचं रोजचं जेवण धरू: ज्वारीच्या चार भाकरी २८ ग्रॅम, तुरीच्या घट्ट वरणाच्या दोन वाट्या १३, भात ४, एक ग्लास दूध ६, मूठभर फुटाणे ६. सगळं मिळून ५७, म्हणजे ३८ ची तूट. कोरड्या ५० ग्रॅम सोयावड्यांतून २६ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७-८ ग्रॅम मिळतात. वरून वाटीभर दही घेतलं की तूट भरली. यात खर्च व्हेच्या कितीतरी खाली बसतो. सोयाबीन पिकवतो आपण अन् पोतं जातं बाजार समितीत, हे मला कधी समजलं नाही. वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून भाजीत टाका. पहिले दहा दिवस २५ ग्रॅमच घ्या, नाहीतर गॅसने हैराण व्हाल. घरचं सोयाबीन कच्चं खाऊ नका, नीट शिजवलं किंवा भाजलं नाही तर त्याचं प्रोटीन पचत नाही. सोयाने पुरुषी हार्मोन कमी होतात ही जिममधली भीती अभ्यासांत टिकलेली नाही.

व्हे घ्यायचंच असेल तर ते जेवण सुटणाऱ्यासाठी, होस्टेलवर राहणाऱ्यासाठी किंवा आजारपणातून उठलेल्या, भाकर चावता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ठीक. पण भेसळीचं भान ठेवा. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं टाकलेलं दिसलं तर तो डबा ठेवून द्या. प्रोटीनचा आकडा फुगवायला ते स्वस्तात घालतात.

राहिली डी. कमतरता नसलेल्याने डी घेऊन धाव वाढत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर सुमारे पाच वर्षं अभ्यास झाला. रोज २००० युनिट घेऊनही हृदयविकार, कॅन्सर किंवा हाडं मोडणं कमी झालं नाही. ही माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती, म्हणूनच तुमच्या प्रश्नाला तो अभ्यास लागू होतो. पण पहाटे पाचला धावून डी मिळते असं मात्र समजू नका. ती बनवणारे किरण कोवळ्या उन्हात जवळपास नसतातच, ते दुपारच्या आसपास असतात. शेतात राबणाऱ्याला ते आपोआप मिळतात. दिवसभर लायब्ररीत बसणाऱ्याने हिवाळ्यात अकरा-बाराच्या सुमाराला हात उघडे ठेवून अर्धा तास चालावं. एप्रिल-मेच्या उन्हात हा प्रयोग नको.

खरी गरज असते ती घराबाहेर न पडणाऱ्या आजीला, अंग झाकून वावरणाऱ्या बाईला आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला. बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. हाडं दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, असं असेल तर रक्तातली डी तपासा. २० च्या खाली आली तर डॉक्टर साधारण ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे देतात आणि मग मात्रा कमी करतात. लोक आठ आठवडे विसरतात अन् तीच जुनी चिठ्ठी घेऊन वर्षभर दर आठवड्याला पुडी मागत राहतात. अशा माणसाला सारखी तहान लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, मळमळ आणि बद्धकोष्ठता असेल, तर पुडी थांबवून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासायला पाठवा.