दुधाने पोट बिघडतं की चहाने? ओळखायचं कसं

प्रश्न: वय ३८. सकाळी उपाशीपोटी दुधाचा चहा घेतला की कप खाली ठेवेपर्यंत पोटात मुरडा येतो, पोट फुगतं. रात्री ग्लासभर दूध प्यायलं तर तास-दीड तासाने गॅस, गुरगुर आणि कधी पातळ शौच. दही मात्र सोसतं. लहानपणी भरपूर दूध पचायचं. हे लॅक्टोज इनटॉलरन्स असेल का? टेस्ट करावी का?

उत्तर: दुधाची तक्रार लॅक्टोजची वाटते. चहाची वाटत नाही, निदान एकट्या लॅक्टोजची तरी नाही. हे दोन वेगळे त्रास असू शकतात, म्हणून आधी वेळ आणि मात्रा बघू.

१०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. तुमच्या २५० मिली ग्लासात ती १२ ग्रॅमच्या आसपास होते. चहाच्या कपात ५०-६० मिली दूध धरलं तर जेमतेम ३ ग्रॅम. ज्यांना लॅक्टोज नीट पचत नाही, त्यांच्यातल्याही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही, विशेषतः पोटात आधी काही असेल तर. ३ ग्रॅमने कळवळायला होणं विरळाच. तुमचा चहा नुसत्या दुधाचा आणि मोठ्या कपभर असेल तर गोष्ट वेगळी, मग लॅक्टोज ७ ग्रॅमपर्यंत जातं.

आता वेळ. लॅक्टोज लहान आतड्याच्या अस्तरातल्या लॅक्टेज या एन्झाइमने फुटतं आणि त्याचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होऊन शोषलं जातं. लॅक्टेज कमी पडलं की न फुटलेलं लॅक्टोज पाणी ओढत पुढे सरकतं. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. पाण्यामुळे गुरगुर आणि पातळ शौच, वायूमुळे फुगणं आणि कळ. एवढा प्रवास व्हायला सहसा अर्धा ते दोन तास लागतात, कधी जास्तही. रात्रीच्या दुधाचं तुमचं वेळापत्रक यात चपखल बसतं. चहाचं बसत नाही. कप संपता संपता येणारा मुरडा म्हणजे बहुधा गरम पेय आणि कॅफिन यांनी रिकाम्या पोटी आतड्याला दिलेली चालना. कित्येकांना सकाळच्या चहाशिवाय शौचाला होत नाही, तो याच यंत्रणेचा भाग. आतडं मुळात संवेदनशील असेल तर तीच चालना कळ म्हणून जाणवते. शिवाय चहासोबत बिस्किटं असतील तर गव्हातली फ्रुक्टन्स नावाची न पचणारी कर्बोदकंही आंबून गॅस करतात, पण उशिरा. आणि दोष जातो दुधावर.

लहानपणी पचायचं, यात विसंगती काही नाही. बाळपणानंतर लॅक्टेज कमी होत जाणं हीच माणसात जास्त आढळणारी स्थिती आहे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. दही सोसतं कारण त्यातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच फस्त करतात, उरलेलं आतड्यात फोडायला स्वतःचं एन्झाइम पुरवतात, आणि घट्ट असल्यामुळे दही पोटातून हळू पुढे जातं. दूध उकळून किंवा साय काढून मात्र लॅक्टोज कमी होत नाही.

लॅबच्या आधी घरी करून बघा. दोन आठवडे दूध, आइस्क्रीम, दूध पावडर आणि व्हे पावडर पूर्ण बंद, चहा बिनदुधाचा, पण वेळ आणि कडकपणा तोच. कोरा चहा घेऊनही सकाळी मुरडा आला तर चहाच्या बाबतीत दूध निर्दोष. गोळ्यांमध्ये भरणी म्हणून असलेलं लॅक्टोज इतकं थोडं असतं की त्याची काळजी नको.

त्रास थांबला असेल तर खरी परीक्षा पुढे आहे. नुसतं दूध बंद करून बरं वाटणं हा पुरावा नव्हे. तेवढ्या दिवसांत माणूस एकूणच खाणं बदलतो. दोन दुधं आणा: एक साधं, एक लॅक्टोज-फ्री, दोन्ही सारख्याच फॅटची. लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, त्यामुळे ते अधिक गोड लागतं. म्हणून घरातल्या कुणाला तरी साध्या दुधात थोडी साखर घालून चव जुळवायला सांगा आणि कोणत्या दिवशी कोणतं दिलं ते त्यांनीच लिहून ठेवावं, तुम्हाला कळू नये. सकाळी उपाशीपोटी २५० मिली पाच मिनिटांत प्या. पुढचे चार तास पाण्याशिवाय काही नको. फुगणं, गुरगुर, गॅस, कळ, शौच यांना दर अर्ध्या तासाने ० ते ३ गुण द्या. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे चार प्रयोग करा, प्रत्येक दूध दोनदा.

समजा पहिल्या आणि चौथ्या दिवशी तासाभराने गुरगुर २, कळ २ आणि पातळ शौच आलं, मधल्या दोन दिवशी गुण ० किंवा १. यादी उघडल्यावर साधं दूध पहिल्या आणि चौथ्या दिवशीच निघालं, तर निष्कर्ष बराच पक्का. चारही दिवशी त्रास झाला तर दोष लॅक्टोजचा नाही. मग इरिटेबल बॉवेल म्हणजे आतड्याची अतिसंवेदनशीलता, अशा कारणांचा विचार डॉक्टरांसोबत करायला हवा. दूध पिताच अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप असं कधी झालं असेल तर हा प्रयोग करूच नका. ती दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते, तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार.

टेस्ट हवीच असेल तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट. उपाशीपोटी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि तीन तासांपर्यंत ठरावीक अंतराने श्वासातला हायड्रोजन मोजतात. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, किंवा जास्त वाढ म्हणजे पॉझिटिव्ह. ती फसते ती तयारीत: आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं असणं, आदल्या रात्री डाळी-कांदा खाणं, सकाळी सिगारेट ओढणं. काहींचे जिवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन बनवतात, तेव्हा नुसता हायड्रोजन मोजला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. आणि एक लक्षात ठेवा, ५० ग्रॅम म्हणजे एका दमात लिटरभर दूध. त्याला पॉझिटिव्ह आलात म्हणून चहातलं चार चमचे दूध बाधेल असं मुळीच नाही. टेस्टच्या वेळी त्रास झाला का, हेही रिपोर्टवर लिहून घ्या. पचत नाही पण त्रासही नाही, अशांना काही बदलायची गरज नसते. रक्तातल्या आयजीजी या अँटीबॉडीवर ‘फूड इनटॉलरन्स’ सांगणाऱ्या महागड्या पॅनेलवर पैसे घालवू नका, त्यातून हे निदान होत नाही.

लॅक्टोजच ठरलं तरी दूध कायमचं तोडू नका, कॅल्शियमचा प्रश्न उभा राहतो. जेवणासोबत १०० मिलीपासून सुरू करून आपली मर्यादा शोधा. दही चालू ठेवा, मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतं. लॅक्टेजची गोळी घ्यायची तर पहिल्या घोटासोबत. तासाभराने, पोट फुगल्यावर घेतलेली वाया जाते.

त्रास अलीकडेच, जुलाबाच्या एखाद्या आजारानंतर सुरू झाला असेल तर अस्तराला झालेल्या इजेमुळेही लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं आणि काही आठवड्यांत सहसा सावरतं. पण वजन घटणं, शौचात रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा हिमोग्लोबिन कमी, यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. सीलिअ‍ॅक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार किंवा जिआर्डिया हा परजीवी, अशा कारणानेही दूध बाधतं आणि तिथे दूध सोडून मूळ आजार जात नाही.