चार्जरच्या फोटोत काय वाचायचं?

प्रश्न: खानापूरच्या आमच्या मराठी शाळेत आठवीच्या मुलांना फोटोवरून ऑनलाइन वस्तू खरी की नकली हे ओळखायला शिकवायचंय. पाच मिनिटांत काय सांगू?

उत्तर: सर, एकच चार्जर घ्या की. समोरचा चकचकीत फोटो सोडा, मागचं बारीक लेबल मोठं करून वाचायला लावा. जाहिरातीत ३३ वॅट आणि लेबलवर फक्त 5V 2A असेल, तर गुणाकार मुलंच करतील: १० वॅट! मग लेबलवरचा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी नंबर, म्हणजे R- आणि पुढचे आठ आकडे, ब्युरोच्याच BIS Care अ‍ॅपमध्ये टाका. तिथं दुसराच ब्रँड किंवा एलईडी बल्ब निघाला, तर नंबर उचललेला. मात्र त्याच ब्रँडचा खरा नंबर छापणारे नकलीवालेही असतात, म्हणून जुळला तरी खात्री अर्धीच. लेबलचा फोटोच नसेल, तर विक्रेत्याकडे मागायचा. टाळाटाळ केली, तर बेळगावच्या दुकानात हातात घेऊन बघितलेला बरा.