स्टोअर असिस्टंटच्या जाहिरातीबद्दल तुला लिहायचं होतं

हाय,

काल पाठवलेली जाहिरात दोनदा वाचली. फोनवर बोलले असते पण हे सगळं नीट लिहूनच सांगावं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

तू लिहिलंयस: "पाहिजे स्टोअर असिस्टंट. फक्त पुरुष, वय 21 ते 28, धडधाकट, बी.कॉम., इंग्लिश फ्लुएंट, 3 ते 5 वर्षं अनुभव, स्वतःची टू-व्हीलर आवश्यक, पगार मुलाखतीत ठरेल, फोटोसह बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅप करा."

यातून माणूस कसा हवा ते कळतं पण त्याने दिवसभर काय करायचं ते एका शब्दानेही कळत नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथेच आहे. काम माहीत नसलं की आपण डोक्यातला एक माणूस कागदावर उतरवतो, तो बहुतेक वेळा आधीच्या माणसासारखाच असतो. तुमच्याकडे आधी पंचविशीतला मुलगा होता ना, बघ, तोच लिहिला गेलाय.

म्हणून पहिलं काम हे की उद्या सकाळी स्टोअरमध्ये जाऊन बस, किमान जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि जे दिसेल ते क्रियापदात लिही. गाडी आली, चलान घेतलं, खरेदीच्या ऑर्डरशी म्हणजे पीओशी ताडून पाहिलं, नग मोजले, माल मिळाल्याचा जीआरएन केला, माल रॅकवर लावला, रॅकवरच्या बिन कार्डावर साठ्याची नोंद केली, लाइनवाल्याने स्लिप आणली की माल दिला, संध्याकाळी टॅलीत एंट्री. मग प्रत्येक अट या कामांसमोर ठेवायची आणि विचारायचं की ही अट नसेल तर यातलं नेमकं कुठलं काम अडेल, आणि अडलंच तर ते आठवडाभरात शिकवता येईल का?

"फक्त पुरुष" का, असं सुपरवायझरला विचार. तो म्हणेल वजन उचलावं लागतं. बरं, किती? मी एका कारखान्यात हाच प्रश्न घेऊन काट्यावर बॉक्स ठेवायला लावले होते, रोजचे बॉक्स 12 ते 14 किलोचे निघाले आणि त्याहून जड सगळं हँड पॅलेट ट्रकने हलायचं. म्हणजे अट पुरुषाची नव्हतीच, 14 किलोची होती, मग 14 किलोच लिहायचं. आणि कायद्याचं म्हणशील तर भरतीत बाई-पुरुष असा भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, आता ती 2019 च्या वेतन संहितेत आलीये, त्यामुळे हे दोन शब्द तर काढायलाच हवेत. "महिलांना प्राधान्य, कारण त्या सिन्सिअर असतात" हेही नको, तोही तसलाच भेद आहे, फक्त गोड शब्दात.

"धडधाकट" या शब्दावर मी जरा जास्त बोलणार आहे. खूप वर्षांपूर्वी माझ्याच हातून एका जाहिरातीत हा शब्द गेला होता. एका माणसाचा फोन आला, म्हणाला मॅडम मी नऊ वर्षं स्टोअर सांभाळलंय, एका पायाला लहानपणी पोलिओ झालाय, तुम्ही धडधाकट लिहिलंय तर येऊ की नको? मी या म्हटलं, आणि बिन कार्ड आणि खरा स्टॉक यांचा ताळमेळ त्याच्याइतका चोख ठेवणारा माणूस मी नंतर फार कमी बघितला. त्याने फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी वाचून पान उलटलं ते किती होते हे मला कधीच कळणार नाही, आणि ते मला अजून लागतं. जाहिरातीचा हाच मोठा धोका आहे, जे अर्जच करत नाहीत ते तुझ्या कुठल्याच एक्सेलमध्ये दिसत नाहीत.

वयाचं बघ. खाजगी नोकरीत वयाच्या अटीला थेट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही, पण 28 वर रेघ मारली की मुलं शाळेत जायला लागल्यावर परत कामाला येऊ बघणारी बाई गेली, आणि आधीची कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला चाळिशीचा जाणकार माणूसही गेला. अनुभवाची "3 ते 5" ही वरची मर्यादा पण तेच काम करते. "किमान एक वर्ष" पुरे.

इंग्लिश फ्लुएंट कशाला? तिथे इंग्रजीत बोलतं कोण? चलान आणि पार्ट नंबर इंग्रजीत वाचता यायला हवेत, आणि ड्रायव्हरशी मराठी किंवा हिंदीत बोलता यायला हवं, एवढंच. भाषा नेहमी कामापुरती लिहायची, "मातृभाषा अमुक" असं कधीच नाही, कारण मातृभाषा कौशल्य नसते, ते कुळ विचारणं झालं. टू-व्हीलरचंही तसंच, तुला माणूस साडेआठला गेटवर हवाय, तो बसने आला काय आणि सायकलने आला काय. फोटो, लग्न झालंय का, वडिलांचं नाव, मूळ गाव, यातलं काहीही अर्जात मागू नकोस. आपल्याकडे आडनावावरून लोक आधीच बरंच काही ठरवून मोकळे होतात, त्यात आपण अजून भर कशाला घालायची.

आणि पगार लिही. "मुलाखतीत ठरेल" म्हटलं की आधीच्या ठिकाणी ज्याला कमी मिळत होतं तो कमीच मागतो, आणि त्याच कामाला शेजारच्या टेबलावर जास्त पैसे जातात. शिवाय पगार न जुळणारे लोक मुलाखतीला येऊन त्यांची अर्धी रजा आणि तुझा तास दोन्ही फुकट जातं.

मी असं लिहिलं असतं:

"स्टोअर असिस्टंट हवे आहेत, 1 जागा. काम: आलेला माल चलान आणि पीओप्रमाणे मोजून घेणे, जीआरएन करणे, बिन कार्ड आणि टॅलीत नोंद ठेवणे, लाइनला माल देणे. हवंच: बारावी, स्टोअर किंवा डिस्पॅचचा किमान 1 वर्ष अनुभव, इंग्रजी चलान वाचता येणे, मराठी किंवा हिंदी बोलता येणे. टॅली आम्ही शिकवू. 14 किलोपर्यंतचे बॉक्स हाताळावे लागतात, जड मालाला पॅलेट ट्रक आहे. वेळ 8:30 ते 5, रविवारी सुट्टी. एकूण पगार 18,000 ते 21,000, त्यातून पीएफ, ईएसआय कापला जातो. स्त्री, पुरुष, ट्रान्सजेंडर, दिव्यांग सर्वांचे अर्ज चालतील, मुलाखतीला किंवा कामासाठी काही सोय लागत असेल तर आधी कळवा. अर्जात नाव, फोन, आधीचं काम, आणि या प्रश्नाचं दोन ओळीत उत्तर: चलानवर 200 नग आहेत, मोजल्यावर 188 भरले, तर तुम्ही काय कराल?"

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. ज्याने काम केलंय तो लिहितो की चलानवर 188 चाच शेरा मारून ड्रायव्हरची सही घेईन, जीआरएन 188 चा करेन आणि परचेसला कळवेन. नुसती डिग्री असलेला "सरांना सांगेन" एवढंच लिहितो. 200 अर्ज आले तरी चाळायला तासभर पुरतो. पण "सोय कळवा" हे लिहिण्याआधी मालकांशी बोल. स्टोअर पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर तेही जाहिरातीत आलं पाहिजे, नाहीतर माणूस जिन्याखालूनच परत जाईल.

आता ही जाहिरात फक्त कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. तिथून कामगारांचे भाऊ आणि गाववालेच येतात, म्हणजे शब्द कितीही सुधारले तरी माणसं तीच. महास्वयं पोर्टलवर टाक, जवळच्या आयटीआयच्या बोर्डावर लाव, महिला बचत गटांकडे दे. पहिले 30 अर्ज आले की थांब आणि बघ, त्यातल्या किती जणांना 188 चं उत्तर जमलं, आणि कोण अजिबात दिसत नाहीये. एकही बाई नसेल तर मजकूर परत वाच, कधी कधी नुसती वेळ किंवा गेटपासून बसस्टॉप किती लांब आहे हे न लिहिल्यामुळे सुद्धा तसं होतं.

स्टोअरमध्ये बसून झालं की तुझी क्रियापदांची यादी पाठव, पॅलेट ट्रक चालू स्थितीत आहे का तेही बघून ये.

तुझी ताई